डाउनलोडच्या फॉर्ममध्ये काय विचारायचं आणि बदल्यात काय द्यायचं: एका वॉटरप्रूफिंग कंपनीचं उदाहरण धरून

मी ज्या कंपनीत काही वर्षं वेबसाइट सांभाळली तिथे टेक्निकल फाइल डाउनलोड करायला एक फॉर्म होता, अकरा रकान्यांचा, सगळे कंपल्सरी. रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यात त्याचा एक्सेल काढला आणि खूश झालो, कारण त्यात आर्किटेक्टच आर्किटेक्ट होते. मग नीट बघितलं तर लक्षात आलं की ‘तुमचा व्यवसाय’ या यादीत आर्किटेक्ट हा पर्याय पहिला होता आणि आधीपासूनच निवडलेला होता, लोकांनी हातच लावला नव्हता. प्रोजेक्टची अंदाजे किंमत विचारली होती तिथेही सगळ्यांचा पहिलाच आकडा. फोन नंबरात नऊ नऊ नऊ. आणि सेल्सवाले बिचारे महिनोन्‌महिने याच यादीवरून फोन लावत होते आणि मार्केटिंगला शिव्या घालत होते.

तर हा लेख त्या फॉर्मबद्दल. म्हणजे जी कंपनी माल बनवते आणि तो थेट घरमालकाला नाही तर काम करणाऱ्या लोकांना विकते (ॲप्लिकेटर, कॉन्ट्रॅक्टर, डीलर, आर्किटेक्ट, कन्सल्टंट), तिने कुठली फाइल फॉर्मच्या मागे ठेवावी आणि फॉर्ममध्ये काय विचारावं. उदाहरण म्हणून लिक्विड वॉटरप्रूफिंग मेम्ब्रेन बनवणारी कंपनी घेतो, गच्चीवर रोलर-ब्रशने लावतात तो माल. तुमचा माल पंप असेल किंवा व्हॉल्व्ह असेल तर फाइलींची नावं बदलतील, विचार तोच राहील.

आधी ठरवा काय लपवायचंच नाही

बहुतेक जण रकान्यांपासून सुरुवात करतात, मी फाइलींपासून करतो. साइटवर असलेल्या सगळ्या फाइलींची यादी काढा आणि प्रत्येकीपुढे लिहा की माणसाला ही कधी लागते. माल निवडताना? माल लावताना? की निवडून झाल्यावर स्वतःचं काम उरकताना?

निवडताना आणि लावताना जे लागतं ते उघडं ठेवायचं. डेटाशीट उघडी, सेफ्टी डेटाशीट उघडी, लावायची पद्धत उघडी, टेस्ट सर्टिफिकेट उघडी. सेफ्टी डेटाशीटबद्दल तर चर्चाच नको. कोणाच्या डोळ्यात माल उडालाय आणि तो फोनवर काय करायचं ते शोधतोय, त्याला तुम्ही कंपनीचं नाव आणि पद विचारणार का?

डेटाशीटबद्दल मात्र दर वेळी भांडण होतं. सेल्स हेड म्हणतात सगळ्यात जास्त डाउनलोड तिचेच आहेत तर तिच्यावरच फॉर्म लावा. जास्त डाउनलोड आहेत हे खरं, पण कोणाचे? एकतर कन्सल्टंट तीन कंपन्यांचे माल शेजारी ठेवून बघतोय, त्याला तुमच्याकडे फॉर्म दिसला की तो दोनच कंपन्यांची तुलना करतो आणि त्या दोनात तुम्ही नसता. किंवा ॲप्लिकेटर बादली उघडून उभा आहे आणि दोन कोटांमध्ये किती तास थांबायचं ते बघतोय, म्हणजे त्याने माल आधीच घेतलाय, त्याच्याकडून काय लीड मिळवणार तुम्ही? तो वैतागून डीलरला फोन करतो, डीलर व्हॉट्सॲपवर तीन वर्षं जुनी पीडीएफ टाकतो, आणि त्यात थांबायची वेळ जुनी असते. मग मेम्ब्रेन फुगल्याची तक्रार येते ती तुमच्याकडेच.

मग फॉर्ममागे ठेवायचं काय? ज्याने त्या माणसाची एक संध्याकाळ वाचते ते. निवड झाली आहे, आता त्याला ड्रॉइंग काढायचंय, टेंडरचा मजकूर लिहायचाय, माल किती लागेल त्याचा हिशोब मांडायचाय. ही कामं तो स्वतः करू शकतो, पण तयार मिळाली तर त्याला हवीच आहेत. आमच्या उदाहरणात अशा तीन गोष्टी निघतात. पहिली, डिटेल ड्रॉइंगचा सेट ऑटोकॅडमध्ये उघडेल असा: पॅरापेटची गोलाई, पाणी जायचं आउटलेट, स्लॅबमधून वर येणारा पाइप, एक्स्पान्शन जॉइंट. दुसरी, स्पेसिफिकेशनचा मजकूर वर्ड फाइलमध्ये, कॉपी करून टेंडरमध्ये चिकटवता येईल असा. तिसरी, मालाचा हिशोब करणारी शीट.

इथे एक खुबी आहे. त्याच ड्रॉइंगची पीडीएफ उघडी ठेवायची, एडिट होणारी फाइल फॉर्ममागे. म्हणजे काय मिळणार आहे ते माणसाला आधी दिसतं, झाकली मूठ नाही. आणि एडिट होणारी फाइल कोणाला लागते? ज्याच्या टेबलावर खरं काम आहे त्याला. विद्यार्थी पीडीएफ बघून जातो. स्पर्धक कंपनीचा माणूसही पीडीएफवर भागवतो, आणि ज्याला हवंच आहे तो कुठल्याही डीलरकडून मिळवतो, त्याला अडवायला म्हणून फॉर्म बांधू नका.

ब्रोशर, कंपनी प्रोफाइल, ‘वॉटरप्रूफिंगबद्दल दहा गोष्टी’ असलं काही फॉर्ममागे ठेवू नका. ईमेल देऊन जाहिरात कोण वाचतो.

फॉर्म आहे पण मागचं दार उघडं

हे लवकर उरकतो पण बघाच. फॉर्म लावला तरी मूळ फाइलचा पत्ता सर्चमध्ये आलेला असतो आणि लोक फॉर्म न भरता सरळ तिथे जातात. तपासायला सर्चमध्ये तुमचं डोमेन घालून हे टाका:

```
site:example.com filetype:docx
```

फॉर्ममागची फाइल यात दिसली तर ती ज्या फोल्डरमध्ये आहे त्यावर सर्व्हरकडून हेडर पाठवा. एनजिनएक्स असेल तर असं:

```
location /trade-files/ {
    add_header X-Robots-Tag "noindex";
}
```

लोक इथे एक चूक हमखास करतात, `robots.txt` मध्येही तो फोल्डर बंद करून ठेवतात. मग सर्चचा बॉट तिथे जातच नाही, हे हेडर त्याला दिसतच नाही आणि आधी नोंदलेला पत्ता तसाच राहतो. दोन्हीपैकी हेडर ठेवा. पण हेडरने फाइल फक्त सर्चमधून जाते, ज्याच्याकडे लिंक आहे त्याला ती उघडतेच. माझ्या मते तेवढं चालतं. कॉन्ट्रॅक्टरने ड्रॉइंग आपल्या साइट इंजिनिअरला फॉरवर्ड केलं तर त्यात तुमचं नुकसान काय आहे?

आता रकाने: उत्तर बदललं तर कोण वेगळं काय करणार?

एक कागद घ्या, डावीकडे रकाना लिहा, उजवीकडे लिहा की याचं उत्तर अमुक आलं तर कोण काय करणार आणि तमुक आलं तर काय वेगळं करणार. उजवी बाजू रिकामी राहिली की रकाना उडाला. ‘पुढे कधीतरी उपयोगी पडेल’ हे उत्तर नाही. ‘रिपोर्टमध्ये लागतं’ हेही नाही, रिपोर्ट वाचून कोणी काही बदलतं का ते विचारा.

आमच्या अकरांचं काय झालं ते सांगतो. नाव राहिलं, पण एकच रकाना, आडनाव वेगळं नाही. पद गेलं, कारण छोट्या कॉन्ट्रॅक्टरकडे तोच मालक, तोच सुपरवायझर आणि तोच ड्रायव्हर, तो पदात लिहिणार काय? कंपनीचा पत्ता गेला, काहीही पोस्टाने पाठवत नव्हतो. वेबसाइट गेली. ‘आमच्याबद्दल कुठून कळलं’ गेलं, कारण तो कुठल्या पानावरून आला ते ट्रॅकिंगमध्ये आपोआप येतंच आणि माणसाला स्वतःला ते आठवत नसतं. प्रोजेक्टची किंमत गेली, तिच्याबद्दल पुढे येतोच. प्रॉडक्ट कुठलं हवंय हेही गेलं. तो त्या प्रॉडक्टच्या पानावर उभा राहून फॉर्म भरतोय, पानाचं नाव छुप्या रकान्यात आपोआप जाऊ दे, त्याला कशाला विचारता.

कंपनीचं नाव यावर बराच खल झाला. शेवटी ठेवलं पण ऑप्शनल. आर्किटेक्टच्या ईमेलच्या डोमेनवरून ऑफिस कळतंच, आणि एकट्याने काम करणाऱ्या ॲप्लिकेटरला कंपनी नसतेच. याच्याच जोडीचं: फुकटचे ईमेल आयडी ब्लॉक करू नका, फक्त ऑफिसचाच ईमेल चालेल असं सांगू नका. सॉफ्टवेअर विकणाऱ्यांकडून ही आयडिया उचललेली असते, पण आपल्या धंद्यात सगळ्यात जास्त माल उचलणारा ठेकेदारही साधा जीमेल वापरतो आणि तुम्ही नेमकं त्यालाच दारातून परत पाठवता.

कंपल्सरी उरले चार.

पहिला, नाव.

दुसरा, फाइल कुठे पाठवू. इथे ईमेल आणि फोन असे दोन कंपल्सरी रकाने ठेवण्याऐवजी निवड द्या, ईमेलवर की व्हॉट्सॲपवर. ड्रॉइंग मागणारा ऑफिसात बसलेला असतो, त्याला ईमेल हवा. हिशोबाची शीट मागणारा बरेचदा साइटवर असतो, त्याचा ईमेल त्याच्या मुलाने बनवून दिलेला असतो आणि तो उघडत नाही. आणि खरी गंमत अशी की जिथे फाइल येणार आहे तो पत्ता माणूस खोटा देत नाही. तुम्ही ‘फोन नंबर’ म्हणून विचारलंत की त्याला सेल्सचा फोन डोळ्यापुढे येतो, ‘फाइल कुठे पाठवू’ विचारलंत की फाइल दिसते. एकच नंबर, पण एक खोटा येतो आणि एक खरा. अर्थात मग त्या नंबरवर आधी फाइलच गेली पाहिजे, तिथे दुसऱ्या दिवसापासून सणाच्या शुभेच्छा आणि ऑफरा सुरू केल्या तर एकदाच फसतील लोक.

तिसरा, तुम्ही काय काम करता. हा सगळ्यात महत्त्वाचा, कारण उत्तरावरून पुढचं सगळं बदलतं: फाइल, सोबतचा मेसेज, आणि सेल्सने फोन करायचा की नाही. पदाचं नाव विचारू नका, कामाचं वर्णन द्या. कोडमध्ये साधारण असं:

```
<select name="role" required>
  <option value="">निवडा</option>
  <option value="apply">माल लावायचं काम करतो</option>
  <option value="design">ड्रॉइंग / स्पेसिफिकेशन करतो</option>
  <option value="build">बांधकामाचा ठेका घेतो</option>
  <option value="sell">माल विकतो</option>
  <option value="own">माझ्या स्वतःच्या इमारतीसाठी</option>
  <option value="other">यातलं काही नाही</option>
</select>
```

पहिली ओळ रिकामी आहे आणि `required` आहे, त्यामुळे काहीतरी निवडल्याशिवाय फॉर्म पुढे जात नाही, आमच्या ‘सगळे आर्किटेक्ट’ प्रकाराचा उपाय एवढाच होता. ‘माझ्या स्वतःच्या इमारतीसाठी’ हा पर्याय मुद्दाम ठेवा. तो नसला की घरमालक कॉन्ट्रॅक्टर म्हणून शिरतो आणि सेल्सवाला त्याला दोनशे बादल्यांचा रेट सांगत बसतो. त्याला जवळच्या ॲप्लिकेटरची यादी द्या, विषय संपला. आणि ‘यातलं काही नाही’ हे उत्तर खूप येत असेल, समजा दर पाचातला एक, तर तुमच्या यादीतले शब्द लोकांचे नाहीत, तुमच्या ऑफिसातले आहेत. त्या लोकांपैकी चारपाच जणांना विचारा तुम्ही स्वतःला काय म्हणता.

चौथा, काम कुठल्या शहरात किंवा जिल्ह्यात आहे. लक्ष द्या, ऑफिस कुठे नाही, काम कुठे. आर्किटेक्ट एका शहरात बसतो, इमारत दुसऱ्या टोकाला असते आणि माल तिथल्या डीलरकडून जाणार असतो. हा एक शब्द बदलल्यावर आमच्या दोन एरिया मॅनेजरमधली भांडणं बरीच कमी झाली. ज्या कंपनीची विक्री एरियाप्रमाणे वाटलेली नाही तिने हाही रकाना काढून टाकावा.

मोठ्या कामाची माहिती फॉर्ममधून काढू नका, हिशोबाच्या शीटमधून काढा

सेल्सला सगळ्यात जास्त काय हवं असतं तर काम किती मोठं आहे. आणि नेमकं हेच फॉर्ममध्ये विचारलं की खोटं येतं, कारण माणसाला वाटतं आकडा मोठा सांगितला तर मागे लागतील आणि छोटा सांगितला तर कोणी विचारणार नाही, आणि बरेचदा त्याला तो आकडा माहीतही नसतो.

पण तोच प्रश्न असा विचारा की खरं उत्तर दिल्याशिवाय त्याचंच काम होत नाही. मालाच्या हिशोबाची शीट पीडीएफ म्हणून देऊ नका, पानावरच छोटा कॅल्क्युलेटर करा. गच्चीची लांबी, रुंदी, कडेला मेम्ब्रेन किती वर चढवायचं, सुकल्यावर जाडी किती हवी. त्याला बरोबर उत्तर हवंय म्हणून तो बरोबर आकडे टाकतो.

एक हिशोब करून दाखवतो म्हणजे कळेल की यात द्यायला खरंच काहीतरी आहे. समजा गच्ची 12 मीटर बाय 8 मीटर, म्हणजे 96 चौरस मीटर. सुकलेली जाडी 1.2 मिलिमीटर हवी आणि मालात घनभाग आकारमानाने 60 टक्के. एक लिटर माल एक चौरस मीटरवर पसरला की ओली जाडी बरोबर एक मिलिमीटर होते, म्हणून सुकल्यावर 1.2 उरायला ओला 1.2 भागिले 0.6, म्हणजे 2 लिटर दर चौरस मीटरला. 96 गुणिले 2 म्हणजे 192 लिटर, खडबडीतपणा आणि वाया जाणं मिळून 10 टक्के धरले तर 211, वीस लिटरच्या 11 बादल्या. ठेकेदार एवढाच हिशोब करतो आणि 11 मागवतो.

पण कडा राहिल्या. गच्चीचा परीघ 40 मीटर, पॅरापेटवर 30 सेंटिमीटर चढवायचं तर आणखी 12 चौरस मीटर. एकूण 108, गुणिले 2 म्हणजे 216, वर 10 टक्के म्हणजे साधारण 238 लिटर. 12 बादल्या. अकरा मागवल्या तर शेवटच्या कोटाला माल कमी पडतो, मग पोरं पातळ मारतात, आणि पातळ कुठे मारतात तर कडेला, जिथे गळतं तिथेच. हे ज्याने एकदा भोगलंय तो ‘हिशोब पाठवू का’ म्हटल्यावर नंबर देतो, त्याला समजवावं लागत नाही.

म्हणून कॅल्क्युलेटरचं उत्तर, म्हणजे 12 बादल्या, पानावरच दिसू दे, फुकट. उत्तर झाकून ‘बघायला ईमेल टाका’ केलंत तर माणूस चिडतो, आकडे भरायला लावून शेवटी दार लावल्यासारखं होतं ते. फॉर्म कशासाठी? तो हिशोब त्याच्या नावाने व्यवस्थित मांडलेल्या शीटमध्ये हवा असेल तर, प्रायमरसकट, कोटाप्रमाणे, त्याच्या गिऱ्हाइकाला दाखवता येईल असा. ठेकेदाराला कोटेशनला जोडायला तेच लागतं.

आणि तुमच्याकडे काय आलं? किंमत न विचारता 108 चौरस मीटर आलं, जाडी आली, बादल्या आल्या. सेल्सला कळलं की हे एका गच्चीचं काम आहे आणि पलीकडचा चार हजार मीटरवाला वेगळा आहे. फक्त बटनाच्या वर एक ओळ स्पष्ट लिहा: ‘हा हिशोब आमच्याकडेही जपला जाईल आणि तुमच्या भागातला आमचा माणूस तो बघू शकेल.’ लपूनछपून साठवलेले आकडे सेल्सवाला फोनवर धडाधड बोलून दाखवतो तेव्हा माणसाला कसंतरी होतं, ते टाळा.

एक मर्यादा आहे याला. लोक खेळून बघायलाही आकडे टाकतात, 10 बाय 10 असे गोल आकडे आले की समजायचं खेळ आहे. 11.4 बाय 7.85 आलं की कोणीतरी टेप लावून मोजलंय. मी तर सेल्सला हेच शिकवलं होतं, दशांश दिसला की आधी तो.

परवानगीची खूण वेगळी

फाइल देणं आणि पुढे मेसेज पाठवत राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची परवानगीही वेगळी घ्या. खाली एक चौकोन, आधीपासून टिक केलेला नाही, ‘नवीन डिटेल ड्रॉइंग आली की कळवा’. टिक नाही केली तरी फाइल मिळालीच पाहिजे. युरोपातले लोक तुमच्या साइटवर येत असतील तर तिथल्या जीडीपीआरमध्ये, जो 2018 पासून लागू आहे, आधीच टिक केलेला चौकोन परवानगी म्हणून धरतच नाहीत. पण कायदा बाजूला ठेवला तरी माझा अनुभव असा की ज्यांनी स्वतःहून टिक केली तेच मेल उघडतात, बाकीची यादी मोठी दिसते एवढंच. आणि चौकोनापुढे ‘ऑफर आणि अपडेट’ लिहू नका, नेमकं काय पाठवणार आणि किती वेळा ते लिहा.

फोनवर भरून बघा

फॉर्म तयार झाला की ऑफिसातल्या मोठ्या स्क्रीनवर न बघता फोनवर, उन्हात उभं राहून एका हाताने भरून बघा. दोन रकाने तरी असे हवेत:

```
<input type="email" name="email" autocomplete="email">
<input type="tel" name="phone" autocomplete="tel">
```

`type` मुळे योग्य कीबोर्ड येतो, `autocomplete` मुळे फोन स्वतःच पत्ता सुचवतो. अक्षरांचा आकार 16 पिक्सेलपेक्षा कमी ठेवला तर आयफोनवर रकान्यात बोट ठेवलं की पान आपोआप झूम होतं आणि बटन बाहेर जातं. आमच्याकडे हे दोन वर्षं तसंच होतं, कोणाच्या लक्षात नाही, कारण तपासणारे सगळे लॅपटॉपवाले. आणखी एक, नंबर मधे स्पेस देऊन टाकला तर एरर दाखवू नका, स्पेस तुमच्या प्रोग्रॅमने काढावी.

बटन दाबल्यावर लगेच काय द्यायचं

सगळं ईमेलनेच पाठवायचं की पानावरच द्यायचं? ईमेलने पाठवलं की पत्ता खरा आहे का ते कळतं, पण मेल स्पॅममध्ये गेला तर माणूस समजतो फसवलं. पानावर दिलं तर तो खूश, पण मग abc@abc.com टाकूनही फाइल मिळते.

मी दोन्ही वाटून घेतो. धन्यवादाच्या पानावर त्याला आत्ता लागणारी एक ड्रॉइंग फाइल लगेच, उदाहरणार्थ ज्या पानावरून आला तिथलं आउटलेटचं डिटेल. पूर्ण सेटची लिंक त्याने दिलेल्या पत्त्यावर. मेलच्या विषयात कंपनीचं नाव मिरवू नका, फाइलचं नाव लिहा, सहा महिन्यांनी तो इनबॉक्समध्ये ‘आउटलेट डिटेल’ असंच शोधणार आहे. लिंक चोवीस तासांत बंद करायचा उद्योगही करू नका, टेंडरचं काम महिनोन्‌महिने चालतं. बंद करण्यापेक्षा त्याच लिंकवर नेहमी नवीन रिव्हिजन ठेवा, आणि फाइलच्या कोपऱ्यात रिव्हिजन नंबर आणि तारीख.

आणि एक जास्तीचा प्रश्न विचारायचाच असेल तर तो इथे, फाइल हातात पडल्यावर. ‘काम कुठपर्यंत आलंय? ड्रॉइंग चालू आहे, टेंडर निघालंय, साइट चालू आहे’ अशी तीन बटनं, एक दाबलं की झालं, नाही दाबलं तरी चालेल. फाइलच्या आधी हाच प्रश्न अडथळा वाटतो, फाइल मिळाल्यावर बरेच जण सहज दाबून जातात.

पुढे फोन कोणाला

डाउनलोड म्हणजे इन्क्वायरी नाही, हे सेल्सला लिहूनच द्यावं लागतं. आमचे नियम इतके साधे होते की भिंतीवर चिकटवले होते. हिशोबाची शीट मागवली, आकडे मोजल्यासारखे आहेत, साइट चालू आहे: त्याच दिवशी फोन. ड्रॉइंग मागवलं, डिझाइन करणारा आहे: विक्रीचा फोन नाही, टेक्निकल माणसाचा एक मेल की डिटेलमध्ये काही अडलं तर मला विचारा. माल विकणारा असेल तर डीलर सांभाळणाऱ्याकडे. स्वतःची इमारत असेल तर ॲप्लिकेटरची यादी, फोन नाही.

फोन केला तर पहिलं वाक्य ‘तुम्ही आमची फाइल डाउनलोड केलीत’ हे नको. ‘तुमच्या हिशोबात आउटलेटभोवती जाळी धरलेली दिसत नाही, आउटलेट किती आहेत?’ असं काहीतरी विचारा. यावर माणूस बोलतो, कारण प्रश्न त्याच्या गच्चीचा आहे.

बिघडलंय हे कसं कळणार

भरलेल्या फॉर्मची संख्या बघू नका, ती रकाने कमी केले की वाढतेच. दर महिन्याला तीन गोष्टी बघा. किती पत्त्यांवर मेल परत आला, म्हणजे खोटे किती. ‘यातलं काही नाही’ किती. आणि सेल्सने ‘हो, हा आपल्या कामाचा होता’ असं किती जणांपुढे लिहिलं. खोटे पत्ते अचानक वाढले तर बहुतेक वेळा कोणीतरी मधेच उघडी फाइल फॉर्ममागे ढकललेली असते, आधी तेच तपासा. नावात अर्थहीन अक्षरं आणि फॉर्म दोन सेकंदांत भरलेला असेल तर तो माणूस नाही, बॉट आहे. माणसाला न दिसणारा एक रिकामा रकाना ठेवा, तो भरला गेला की ती नोंद टाकून द्या.

एजन्सीवाले दोन फॉर्म शेजारी चालवून तुलना करू म्हणतील. आपल्याकडे तेवढी गर्दी नसते हो. समजा दोन्ही फॉर्म दोनदोनशे जणांनी बघितले, एक 40 जणांनी भरला आणि दुसरा 52 जणांनी. दिसायला मोठा फरक, पण एवढ्या थोड्या लोकांत तो नुसत्या योगायोगानेही पडतो. त्यापेक्षा गेल्या महिन्यात फाइल घेतलेल्या दहा जणांना फोन करून विचारा की फाइलचं पुढे काय केलंत. मी केले होते. दहापैकी तिघांनी सांगितलं की ड्रॉइंग उघडलंच नाही, कारण ते त्यांच्याकडे असलेल्या ऑटोकॅडपेक्षा नवीन व्हर्जनमध्ये सेव्ह केलेलं होतं. फॉर्मवर वर्षभर डोकं खपवलं होतं आम्ही, आणि जुन्या व्हर्जनमध्ये सेव्ह करून परत चढवायला ड्राफ्ट्समनला एक दुपार लागली.